गांडूळखताचा बेड: भरण्यापासून काढण्यापर्यंत, आणि गांडूळ पळून जातात तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं

गांडूळखताबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जाणारं म्हणजे "बेड भरला, कल्चर सोडलं आणि दोन-तीन दिवसांत गांडूळ बाहेर पडायला लागले, काय करू?" बहुतेक वेळा याचं उत्तर कल्चर, म्हणजे सुरुवातीला आणलेले गांडूळ, सोडायच्या आधीच्या पंधरा-वीस दिवसांत असतं. म्हणजे शेण किती ताजं होतं, हिरवा पाला किती टाकला, मटेरियल थंड झालं होतं का नाही, यात. म्हणून सुरुवातीपासून घेऊ, पण नजर त्या पळून जाण्यावर ठेवून.

उदाहरणाला मराठवाड्यातलं एक साधं घर घेतो, दोन गाई आणि एक बैलजोडी, सोयाबीनचं भुसकट घरचं (विदर्भात याला कुटार म्हणतात), आणि एक 12 फूट लांब, 4 फूट रुंद, 2 फूट उंच असा बाजारात मिळतो तो प्लास्टिक कापडाचा तयार बेड. सिमेंटचा हौद असला तरी हिशोब हाच लागू पडतो.

जागा आणि बेड बसवणं

सावली पाहिजेच. झाडाखाली चालतं पण नुसत्या झाडावर भागत नाही, उन्हाळ्यात दुपारचं ऊन फांद्यांतून खाली येतंच, त्यामुळे वरून छप्पर करा आणि शक्यतो पाचटाचं किंवा गवताचं करा. पत्र्याचं असेल तर वर पाचट टाका, कारण एप्रिल-मे मध्ये तापलेल्या पत्र्याखाली बेडचा वरचा थर नुसत्या धगीने वाळतो. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन कमी आत येतं.

खालची जमीन मुरूम टाकून चोपून घ्या, बारीक खडे वेचून काढा कारण भरलेल्या बेडचं वजन खूप होतं आणि एक टोकदार खडा तळाला भोक पाडायला पुरेसा असतो. एका टोकाकडे थोडासा उतार द्या, फुटाला पाव इंच पुरे, आणि बेडची निचऱ्याची नळी त्या बाजूला ठेवा. नळीच्या आतल्या तोंडाला शेडनेटचा तुकडा बांधा, नाहीतर गांडूळ त्यातूनच बाहेर जातात आणि माणूस वर शोधत बसतो.

बेडच्या बाहेरून चारी बाजूंनी वीतभर रुंद चर काढून त्यात पाणी ठेवता आलं तर लाल मुंग्यांचा प्रश्न जवळजवळ मिटतो. मुंग्या एकदा बेडमध्ये घुसल्या की औषध मारता येत नाही, जे मुंगीला मारतं ते गांडुळालाही मारतंच.

काय किती घालायचं

गांडुळाला खायला लागतं ते अर्धवट कुजलेलं, आणि त्यात कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 असं असावं लागतं. हे ऐकून घाबरायची गरज नाही. जनावराचं शेण स्वतःच साधारण 20 ते 25 च्या आसपास असतं, सोयाबीनचं भुसकट 40-45 च्या आसपास, उसाचं पाचट आणि गव्हाचं काड त्याच्या बरंच वर, आणि गिरिपुष्पासारखा हिरवा पाला किंवा कोंबडी खत खूपच खाली. म्हणजे वाळलेलं जास्त झालं तर काम रेंगाळतं, हिरवं आणि कोंबडी खत जास्त झालं तर मटेरियल तापतं आणि अमोनिया सुटतो. यातली पहिली चूक फक्त वेळ खाते, दुसरी गांडूळ खाते, म्हणून शंका आली तर वाळल्याच्या बाजूने चुका.

आपल्या उदाहरणात चार जनावरांचं रोजचं शेण धरू साधारण 40 किलो. वीस दिवसांत 800 किलो होतं, सावलीत पडून त्यातलं पाणी उडून ते 600 किलोच्या आसपास येतं. त्यात 120 किलो भुसकट. म्हणजे वजनाने पाच भाग जुनं शेण आणि एक भाग भुसकट. पाचट वापरणार असाल तर भुसकटापेक्षा कमी घ्या आणि वीतभर तुकडे करून घ्या, अख्खं पाचट घातलं तर तीन महिन्यांनी पण तसंच निघतं. हिरवा पाला घालायचाच असेल तर या एवढ्या मटेरियलला 40-50 किलोच्या वर नको, आणि तोही सगळ्यात मिसळून, एका जागी थर करून तर अजिबात नको.

शेणाबद्दल दोन गोष्टी. गोठ्यातला मूत्राने भिजलेला भाग नत्राने भरलेला असतो, तो ढिगात पसरून टाका. आणि जनावरांना जंताचं औषध दिलं असेल तर पुढचं पंधरा दिवसांचं शेण या बेडसाठी घेऊ नका, उकिरड्यावर टाका. जंतावरच्या औषधांचा अंश शेणातून बाहेर येतो आणि त्यातली काही औषधं गांडुळालाही बाधतात. तणनाशक किंवा कीटकनाशक नुकतंच मारलेल्या पिकाचा पाला पण याच कारणासाठी टाळा.

आधी बाहेर कुजवायचं, मग बेडमध्ये

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त वगळतात. शेण आणि भुसकट थेट बेडमध्ये भरतात, वरून पाणी मारतात आणि आठ दिवसांत कल्चर सोडतात. पण ताजं मटेरियल कुजताना आतून 50-60 अंशांपर्यंत तापतं आणि गांडुळाला 20 ते 28 अंश मानवतं, 35 च्या वर गेलं की ते मरायला किंवा पळायला लागतात. म्हणून बेडच्या शेजारीच जमिनीवर ढीग करा, भुसकट भिजवून शेणात कालवा, ढीग कमरेएवढा ठेवा, गोणपाटाने झाका आणि दर पाच-सहा दिवसांनी दाताळ्याने पूर्ण उलथा म्हणजे बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. 15 ते 20 दिवस लागतात, थंडीत अजून आठवडा धरा.

तयार झालं हे ओळखायचं कसं? एक लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी ओढून लगेच मुठीत धरा. गरम किंवा कोमट लागली तर अजून वेळ आहे. थंड लागली तर उलथून, पाणी मारून दोन दिवसांनी परत बघा, कारण कधी कधी ढीग कोरडा पडल्यामुळे थंड झालेला असतो, कुजून झाल्यामुळे नाही, आणि बेडमध्ये पाणी मिळालं की तोच परत तापतो. ही फसवणूक फार जणांची होते. वास पण घ्या, नाकात झोंबणारा वास म्हणजे अमोनिया, तो असेपर्यंत गांडूळ त्याच्या जवळ आणायचा नाही.

आणि शेवटची परीक्षा गांडुळाकडूनच घ्या. एका घमेल्यात तयार मटेरियल घ्या, वर 20 गांडूळ सोडा, ओलं गोणपाट टाकून सावलीत ठेवा. पाच-दहा मिनिटांत ते आत गेले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी सकाळी घमेलं उलटं करून मोजा. सगळे आत आणि वळवळणारे असतील तर बिनधास्त बेड भरा. चार-पाच काठावर किंवा बाहेर सापडले, किंवा मलूल पडलेले दिसले, तर अजून आठवडाभर थांबा. 20 गांडुळांवर ही परीक्षा स्वस्तात होते, चार किलोवर महागात पडते.

बेड भरणं आणि कल्चर सोडणं

तळाला तीन इंच जाडसर काहीतरी, नारळाच्या शेंड्या किंवा पाचट. तुऱ्हाटी-पऱ्हाटी पण चालते पण तयार बेडच्या कापडाला टोकं लागतात, त्यामुळे ती सिमेंटच्या हौदातच बरी. त्यावर कुजवलेलं मटेरियल दीड फुटापर्यंत, दाबायचं नाही, पोकळ ठेवायचं. वरचा अर्धा फूट मोकळा सोडा. दोन दिवस ओलावून ठेवा, परत सळई घालून बघा, मगच कल्चर.

कल्चर कुठलं घ्यायचं? शेतात नांगरताना निघतात ते गांडूळ इथे कामाचे नाहीत, ते माती खाणारे, खोल राहणारे, शेणाच्या ढिगात टिकत नाहीत. आपल्याला लागतो तो आयसेनिया फेटिडा, लालसर, अंगावर फिकट पट्टे आणि शेपटीकडे पिवळट. दुसरा युड्रिलस म्हणून मिळतो, लांब आणि जांभळट, तो उष्ण भागात झपाट्याने वाढतो पण थंडीला नाजूक. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा किंवा ज्याचा बेड वर्षभर चालू आहे अशा शेतकऱ्याकडून घ्या. घेताना नुसते मोठे गांडूळ निवडून देणाऱ्याकडून न घेता शेणासकट, लहान-मोठे आणि अंडी असलेलं कल्चर घ्या. मोठे गांडूळ नवीन जागेत दगावले तरी अंड्यांतून निघणारी पिल्लं पहिल्यापासून तिथलीच होऊन जातात. अंडी म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान, लिंबाच्या आकाराचे पिवळट-तपकिरी दाणे.

या आकाराच्या बेडला चार किलो बरं पडतं. एका किलोत मोठे गांडूळ हजारभर बसतात. संध्याकाळी सोडा, वरून पसरा, आत खड्डा करून पुरू नका, ते आपोआप खाली जातात आणि जे अर्ध्या तासात गेले नाहीत ते काय सांगतायत ते तुमच्या लक्षात येईल. वर ओलं गोणपाट. पहिल्या तीन रात्री बेडवर एक दिवा चालू ठेवा. नवीन जागी सोडलेले गांडूळ रात्री फिरायला निघतात, बेड चांगला असला तरी निघतात, आणि उजेड त्यांना नको असतो म्हणून दिवा असला की आतच राहतात. तिसऱ्या रात्रीपर्यंत ते रमतात.

एक हिशोब डोक्यात ठेवा. चांगल्या परिस्थितीत गांडूळ दिवसाला आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास खातो, म्हणजे चार किलो गांडूळ सुरुवातीला रोज जेमतेम दोन किलो. त्यामुळे पहिल्या बेडला अडीच-तीन महिने लागले तर काही बिघडलेलं नाही. संख्या वाढायला वेळ लागतो, अंड्यातून पिल्लू तीन आठवड्यांत येतं आणि ते मोठं व्हायला अजून दीड-दोन महिने. पुढचे बेड 45 ते 60 दिवसांत होतात. "45 दिवसांत खत" हे ऐकून पहिल्याच बेडवर घाई करणारे लोक मग वरून गूळपाणी, पीठ, कोंबडी खत टाकायला लागतात आणि तिथून बिघाड सुरू होतो.

पाणी

मूठ हेच मीटर. वरचं नाही, अर्धा फूट आतलं मटेरियल मुठीत घेऊन जोरात दाबा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले की बरोबर, साधारण 60-70 टक्के ओलावा. पाण्याची धार लागली तर जास्त. मूठ उघडल्यावर गोळा लगेच सुटला तर कमी. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ झारीने हलकं, थंडीत तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात कधी कधी आठ-आठ दिवस काहीच लागत नाही, म्हणून ठरलेल्या दिवशी पाणी मारण्यापेक्षा मूठ बघून मारा. गोणपाट ओलं राहिलं की निम्मं काम होतं.

उन्हाळ्यात उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं गरम असतं, ते बाजूला सोडून मग बेडवर धरा. साधी गोष्ट आहे पण मे महिन्यात वरचा थर असाच भाजून निघतो. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघड्या टाकीत ठेवून वापरा. बोअर फार खारं असेल तर मात्र पावसाचं किंवा विहिरीचं पाणी शोधा, क्षार बेडमध्ये साठत जातात.

नळीतून रोज बादलीभर पाणी निघतंय म्हणून लोक खुश होतात, पिकावर फवारायचा व्हर्मीवॉश म्हणून साठवतात. अधूनमधून चहाच्या रंगाचं, वास नसलेलं थोडं पाणी येणं ठीक. पण काळं, घाण वासाचं रोज येत असेल तर तो व्हर्मीवॉश नाही, तो जास्त पाण्याचा निचरा आहे आणि तळाला हवा नाही असं समजा.

गांडूळ पळतायत, आता बघायचं कसं

घाईने पाणी मारू नका, औषधाला जाऊ नका. आधी बघा ते कुठे जमलेत, त्यावरून कारण कळतं.

सगळे काठावर, भिंतीच्या कापडावर चढलेले, आणि बेड मध्ये हात घातला तर आत कोमट: मटेरियल तापलंय. हेच सगळ्यात जास्त वेळा असतं. औशाकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचं असंच झालं. बेड भरून कल्चर सोडलं आणि तिसऱ्या दिवशी चारी कोपऱ्यांत गांडुळांचे गोळे, मधला भाग रिकामा. वरून हात लावला तर थंड, त्यामुळे त्यांना वाटलं कल्चरच खराब दिलं. सळई घातली तेव्हा वीतभर खाली गरम निघाली. विचारल्यावर कळलं की मटेरियल कमी पडलं म्हणून भरताना मध्ये ताज्या गिरिपुष्पाचा जाड थर टाकला होता, कुजवलेलं सगळं बरोबर होतं, फक्त तो थर तापत होता. उपाय काय केला, कोपऱ्यातले गांडूळ हाताने घमेल्यात घेतले, त्यात जुनं शेण घालून सावलीत ठेवले, बेडचं मटेरियल एका बाजूला ओढून तो पाला बाहेर काढला, बाकीचं उलथून दोन दिवस उघडं सोडलं, परत सळई बघितली, घमेल्यात परीक्षा घेतली आणि मग परत सोडले. बेड पूर्ण रिकामा करायची गरज पडली नाही. ज्यांना लगेच एवढं करणं जमत नाही त्यांनी निदान बेडच्या एका टोकाला दोन-तीन फुटांत फक्त जुनं थंड शेण भरून द्यावं, गांडूळ आपणहून तिकडे जातात आणि बाकीचं थंड झालं की परत येतात.

सगळे वर, गोणपाटाच्या खाली, आणि तळातून नासक्या अंड्यासारखा वास: खाली पाणी साचून हवा संपलीये. पाणी बंद करा, नळी तुंबलीये का बघा, बहुतेक वेळा तुंबलेलीच असते. मटेरियल दाताळ्याने हलक्या हाताने सैल करा आणि कोरडं भुसकट किंवा कागदाचे तुकडे मिसळा. कुदळ-फावडं घालू नका, गांडूळ कापले जातात, आणि कापलेल्याचे दोन होतात हे खरं नाही.

नाकात झोंबतंय आणि गांडूळ बाहेर जमिनीवर पडलेत: अमोनिया. ताजं शेण, मूत्र, कोंबडी खत यापैकी काहीतरी जास्त. कोरडं भुसकट मिसळून उलथा आणि हवा लागू द्या. इथे चुना किंवा राख टाकायचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका, त्याने अमोनिया अजून जास्त सुटतो.

पळत नाहीत पण अंगावर मण्यांच्या माळेसारख्या गाठी आल्यात, मध्येच फुगलेले आणि मध्येच बारीक झालेले: पीठ, पेंड, शिळं अन्न, डाळीचा चुरा असलं काहीतरी जास्त पोटात गेलंय, ते आतच आंबतं. अशातले बरेचसे वाचत नाहीत. ते खाणं काढून टाका आणि महिनाभर फक्त जुनं शेण आणि भुसकट. भाजीपाल्याचा कचरा घालायचा असेल तर दोन इंचाच्या वर थर नको, आधीचा संपल्याशिवाय पुढचा नको, आणि तेल, मीठ, लोणचं, लिंबूवर्गीय साली लांबच ठेवा.

पावसाच्या पहिल्या मोठ्या सरीला रात्री निघतात: यात बेडचा दोष असेलच असं नाही. हवेतला ओलावा वाढला, कापड ओलं झालं की त्यांना चढता येतं, कोरड्या कापडावर चढता येत नाही. म्हणून जूनच्या आधी शेडची कड वाढवून घ्या, वरची अर्धा फूट पट्टी कोरडी राहील असं बघा, आणि पावसाच्या रात्री दिवा परत लावा.

आणि दोन-अडीच महिन्यांनी, सगळं नीट चाललेलं असताना निघायला लागले तर खाणं संपलंय. मटेरियल चहापत्तीसारखं काळं, रवाळ, मातीच्या वासाचं झालं असेल तर खत तयार आहे, उशीर तुमच्याकडून होतोय.

खत काढणं

काढायच्या चार-पाच दिवस आधी पाणी बंद. वरचा थर वाळला की गांडूळ खाली जातात. वरचं हलकेच ओढून प्लास्टिकच्या कागदावर शंकूसारखे ढीग करा, उजेडात पण उन्हात नको. अर्ध्या तासाने ढिगाचा वरचा भाग काढायचा, परत थांबायचं, परत काढायचं, शेवटी तळाला गांडुळांचा गोळा उरतो. चाळायचं असेल तर 3-4 मिलिमीटरची चाळणी, आणि खत थोडं वाळल्यावरच, ओलं चाळलं तर त्याच्या गोळ्या होतात. चाळणीवर राहिलेलं फेकू नका, त्यात अंडी असतात, ते पुढच्या बेडच्या वर पसरा.

विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेशाप्रमाणे ओलावा 15 ते 25 टक्के आणि नत्र किमान 1 टक्का लागतं, त्यामुळे सावलीतच वाळवा. स्वतःच्या शेतात टाकायला मात्र थोडं ओलसरच चांगलं, पूर्ण कोरडं केलं तर त्यातले जिवाणू कमी होतात. पोत्यात भरताना प्लास्टिकचं आतलं अस्तर असलेलं बंद पोतं नको, हवा खेळती राहील असं घ्या.

पुढच्या बेडचं शेण बाहेर कुजायला टाकायचं ते हा बेड काढायच्या वीस दिवस आधी, म्हणजे काढलेले गांडूळ त्याच संध्याकाळी नवीन जागी जातात. ते घमेल्यात दोन-तीन दिवस पडून राहिले तर आतच तापतात आणि चांगलं जमलेलं कल्चर तिथेच निम्मं होतं.